‘वर्षाला चौदा पगार’ असलेल्या नोकरीत महिन्याला नेमके किती धरावेत?

प्रतापनगरकर

नमस्कार मंडळी. माझी मुलगी गेल्या वर्षापासून बार्सिलोनाला शिकत होती. तिचे मास्टर्स आता पूर्ण झाले असून तिथल्याच एका कंपनीचे नोकरीचे पत्र तिच्या हाती आले आहे. १ सप्टेंबरला रुजू व्हायचे आहे. पत्रात लिहिले आहे की वार्षिक ग्रॉस पगार ४२,००० युरो असून तो चौदा पगारांत दिला जाईल.

घरात या एका ओळीवरून तीन मते झाली आहेत. मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, महिन्याला तीन हजार.” मी सरळ बाराने भागले तर साडेतीन हजार आले. माझ्या मेहुण्यांचे म्हणणे असे की तीन हजार गुणिले बारा म्हणजे छत्तीसच हजार होतात, तेव्हा उरलेले सहा हजार कंपनी फक्त कागदावर दाखवते आहे.

मला घाई आहे ती पुढील कारणाने. तिला शुक्रवारपर्यंत घराचे ठरवायचे आहे. एक छोटे स्वतंत्र घर १,००० युरो भाड्याने मिळते आहे, आणि मैत्रिणींसोबतची एक खोली ६०० युरोंना आहे. शिवाय इथल्या बँकेतल्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारण ४५० युरोंइतका पडतो आणि तो तिनेच भरावा असे आमचे ठरले आहे. कंपनीने तोंडी सांगितले की आयकराची कपात सुमारे २० टक्के राहील. मग महिन्याचा खरा आकडा कोणता धरावा: तीन हजार, साडेतीन हजार, की आणखी काही?

मिहान_एक

काका, अभिनंदन. मी मिहानमधल्या एका कंपनीत नऊ वर्षे काम करतो आहे, त्यामुळे अशी पत्रे बरीच पाहिली आहेत. आपल्याकडे पॅकेजमध्ये व्हेरिएबल पे मिळवतात, कंपनीचा पीएफचा वाटा मिळवतात, ग्रॅच्युइटीसुद्धा मिळवतात, आणि मग वीस लाखांचे पॅकेज हातात येताना पार वेगळेच दिसते. हे दोन जादा पगार म्हणजे बोनसच आहेत. आपला बोनस कायदा किमान ८.३३ टक्के सांगतो, म्हणजे बरोबर वर्षाच्या बाराव्या हिश्शाइतका एक पगार. तिथे तसे दोन देत असतील. कंपनीला नफा झाला तर मिळतील, नाही झाला तर मिळणार नाहीत. तुम्ही तीन हजारच धरा आणि त्याच हिशेबाने घर घ्या.

विद्या_धरमपेठ

मला वाटते इथे सगळ्यांचा एक मूलभूत गोंधळ होतो आहे. वर्षात चौदा पगार म्हणजे पगार महिन्याने होत नसून ३६५ भागिले १४, म्हणजे दर २६ दिवसांनी होत असणार. माझी जाऊ इंग्लंडमध्ये होती, तेव्हा तिला दर चार आठवड्यांनी पगार मिळायचा आणि वर्षात तेरा वेळा तो हातात पडायचा. त्यामुळे महिन्याचे भाडे आणि पगाराची तारीख यांचा मेळ कधी बसायचा नाही. मुलीला पगाराच्या तारखा आधी विचारून घ्यायला सांगा.

हिशेबनीस

विद्याताई, इंग्लंडमधला चार आठवड्यांचा पगार खरा आहे, परंतु स्पेनची पद्धत तशी नाही. तिथे पगार महिन्यालाच होतो, बारा महिन्यांचे बारा, आणि त्यांशिवाय उन्हाळ्यात एक व नाताळच्या सुमारास एक असे दोन जादा पगार मिळतात. बहुतेक ठिकाणी ते जून आणि डिसेंबरमध्ये जमा होतात. त्या दोन महिन्यांत खात्यात नेहमीचा पगार येतो आणि वेगळी दुसरी रक्कमही येते.

मी गेली अकरा वर्षे धंतोलीत बसून युरोपातल्या कंपन्यांचे पगारपत्रक करण्याच्या कामात आहे. त्यात स्पेनचे काम सर्वांत अधिक असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

मिहान_एक यांचा सावधपणा मला पटतो, परंतु कारण पटत नाही. हे दोन पगार नफ्यावर अवलंबून असलेला बोनस नाहीत. तिथल्या कामगार कायद्याच्या ३१व्या कलमाने प्रत्येक कामगाराला वर्षात दोन जादा पगारांचा हक्क दिला आहे. त्यातला एक नाताळचा असतो आणि दुसऱ्याचा महिना त्या त्या उद्योगाच्या सामूहिक करारात ठरतो. या कराराला तिथे कोनबेनियो म्हणतात. कंपनीला तोटा झाला म्हणून डिसेंबरचा पगार दिला नाही, असे करता येत नाही. म्हणून काका, ४२,००० हा आकडा पूर्ण खरा आहे. तुमच्या मेहुण्यांनी बाराने गुणले, तिथे चौदाने गुणायला हवे होते.

एक उदाहरण देतो, म्हणजे ही पद्धत तिथे किती अंगवळणी पडलेली आहे ते कळेल. स्पेनचे २०२५ सालचे किमान वेतन महिना १,१८४ युरो असे जाहीर झाले, आणि तो आकडा चौदा पगारांचा होता. वर्षाचे १६,५७६ झाले. युरोपातल्या देशांची तुलना करणाऱ्या तक्त्यांत मात्र त्याच वेतनापुढे महिना १,३८१ लिहिलेले आढळते, कारण तिथे चौदाने गुणून बाराने भागलेले असते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त एकाला दुसऱ्याच्या शेजारी ठेवताना ते कोणत्या मापातले आहेत हे पाहावे लागते.

तुमच्या मुलीच्या बाबतीत ग्रॉसचे माप असे बसते: चौदाच्या मापात ३,००० आणि बाराच्या मापात ३,५००. मुलगीही बरोबर आहे आणि तुम्हीही. आता हातात किती येतील ते संध्याकाळी कागद घेऊन बसतो आणि लिहितो, कारण त्यात एक गोष्ट अशी आहे की ती सहसा कोणी सांगत नाही.

मिहान_एक

कायद्याने हक्क आहे हे मला माहीत नव्हते, हिशेबनीस साहेब. तरीही मला एक सांगा. ३,००० मधून २० टक्के कर आणि काही सामाजिक सुरक्षेची कपात वजा केली की महिन्याचे उत्तर मिळाले, मग त्याला चौदाने गुणून बाराने भागले की झाले. यात न सांगण्यासारखे काय आहे?

हिशेबनीस

नेमके तिथेच चुकते, आणि आमच्याकडे नव्याने आलेली मुलेसुद्धा पहिल्या महिन्यात हीच चूक करतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

कर आणि सामाजिक सुरक्षा या दोन कपाती वेगळ्या रीतीने लागतात. कराची कपात ज्या पगारावर आहे त्याच पगारातून होते. ३,००० च्या नेहमीच्या पगारातून २० टक्के म्हणजे ६०० जातील आणि जूनच्या जादा पगारातूनही तसेच ६०० जातील. सामाजिक सुरक्षेची वर्गणी मात्र जादा पगारातून कापली जात नाही. ती आधीच बारा महिन्यांत वाटून टाकलेली असते. म्हणजे दर महिन्याला हातात ३,००० चा पगार येत असला तरी वर्गणी ३,५०० वर लागते, कारण दोन जादा पगारांचा बारावा हिस्सा, म्हणजे ५०० युरो, वर्गणीच्या पायात, म्हणजे ती ज्या रकमेवर मोजतात तिच्यात, मिळवलेला असतो.

२०२५ च्या दरांनी कामगाराच्या वाट्याची ही वर्गणी एकूण ६.४८ टक्के होते. ३,५०० वर ती २२६.८० युरो आली. आता नेहमीचा महिना पाहा: ३,००० मधून कराचे ६०० आणि वर्गणीचे २२६.८० गेले, उरले २,१७३.२०. आणि जादा पगार: ३,००० मधून केवळ कराचे ६०० गेले, उरले २,४००.

म्हणून “चौदा सारखे पगार” हे ग्रॉसपुरते खरे आहे, हातात पडताना बारा लहान आणि दोन मोठे असतात. वर्षाचे मिळवले तर बारा वेळा २,१७३.२० म्हणजे २६,०७८.४०, त्यात दोन वेळचे ४,८००, एकूण ३०,८७८.४०. त्याला बाराने भागले की २,५७३.२० मिळतात.

मिहान_एक, तुम्ही म्हणता तसे २,१७३.२० ला चौदाने गुणून बाराने भागले, तर २,५३५ च्या आसपास येतात. म्हणजे महिन्याला सुमारे ३८ युरो कमी दिसतात. आकडा लहान आहे, परंतु मग माणूस पगाराची चिठ्ठी घेऊन “माझा हिशेब जुळत नाही” म्हणून मेल करतो आणि त्याला उत्तर देण्यात आमचा अर्धा दिवस जातो.

ताळा करून पाहायचा असेल, तर हाच पगार बारा भागांत दिला असता तर काय झाले असते ते पाहा. ३,५०० मधून कराचे ७०० आणि वर्गणीचे २२६.८०. उरतात तेच २,५७३.२०. वर्षाचा एकही युरो इकडचा तिकडे होत नाही.

प्रतापनगरकर

फार मोलाची माहिती दिलीत. मी वहीत सगळे मांडून पाहिले आणि बेरीज जुळली. परंतु आता माझा मूळ प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे. खरा आकडा २,५७३ धरला तर १,००० भाडे आणि ४५० हप्ता जाऊन १,१२३ उरतात, आणि त्यात एकटी मुलगी व्यवस्थित राहू शकेल असे तिचे म्हणणे आहे. २,१७३ धरला तर ७२३ उरतात. या चारशेच्या फरकावरच घराचा निर्णय अडला आहे.

शेगाव_ते_सेविया

काका, मी मूळचा वर्धमाननगरचा. सहा वर्षांपासून स्पेनमधल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. इथे माझी कथा थोडी वेगळी झाली, ती सांगतो, कारण वर सगळे जण “तीन हजार गुणिले चौदा” असे सहज लिहीत आहेत.

माझ्या पहिल्या नोकरीत चिठ्ठीवर मूळ पगार १,५०० आणि त्याखाली एक भत्ता २०० असायचा. महिन्याचे १,७०० ग्रॉस. मी चौदाने गुणून २३,८०० धरले आणि गावाकडे तसेच सांगितले. जूनमध्ये जादा पगार आला तो १,५०० ग्रॉसवरचा. मला वाटले मालकाने दोनशे दाबले. मी भांडायलाच गेलो होतो. सोबतच्या एका जुन्या आचाऱ्याने मला बाजूला घेतले आणि करार उघडून दाखवला: जादा पगार फक्त मूळ पगाराइतका, भत्ता त्यात नाही. म्हणजे वर्षाचे खरे २३,४०० होते. चारशेची चूक माझ्या गुणाकारात होती. त्या दिवशी भांडलो असतो तर नोकरीही गेली असती, हे आज सांगताना बरे वाटत नाही.

तेव्हा मुलीच्या पत्रात वर्षाचा आकडा लिहिला आहे की महिन्याचा, हे नीट वाचा.

हिशेबनीस

हा अतिशय महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तो माझ्या लिहिण्यात राहून गेला होता, याबद्दल आभार. जादा पगारात काय काय धरायचे हे त्या त्या कोनबेनियोवर असते. कुठे पूर्ण पगार धरतात, कुठे मूळ पगार आणि सेवाकाळाचा भत्ता, कुठे आणखी काही. म्हणून पत्रात जर केवळ महिन्याचा आकडा असेल, तर चौदाने गुणण्याचा धोका पत्करू नये. काकांच्या पत्रात वर्षाचा एकूण ४२,००० हा आकडा लिहिला आहे, त्यामुळे गुणाकाराचा प्रश्नच येत नाही. फक्त चौदाही पगार सारखे ३,००० चेच असतील का, हे विचारावे लागेल. समजा त्यांनी नेहमीचा पगार ३,१०० आणि जादा पगार २,४०० असा मांडला, तरी वर्षाचे ४२,०००च होतात. महिन्याला हाती येणारा आकडा मात्र बदलतो.

अंबाझरी_सकाळ

माझ्या भाच्याला माद्रिदमधल्या दोन ठिकाणांहून विचारणा झाली आहे. एकाने सांगितले महिना ३,०००, दुसऱ्याने महिना ३,३००. घरातले सगळे दुसऱ्याकडे झुकले होते. हा धागा वाचून मी त्याला विचारायला लावले, तेव्हा कळले की पहिले ३,००० चौदा पगारांतले आहेत आणि दुसरे ३,३०० बारा पगारांतले. म्हणजे पहिल्याचे वर्षाचे ४२,००० आणि दुसऱ्याचे ३९,६००. जो मोठा वाटत होता तो २,४०० ने लहान निघाला. हे मला बरोबर समजले आहे ना?

हिशेबनीस

अगदी बरोबर समजले आहे. दोन्ही वर्षाच्या आकड्यावर आणा आणि मगच तुलना करा. एक काळजी घ्यावी लागते: दुसऱ्या कंपनीने “महिना ३,३००, जादा पगार वाटून दिलेले” असे म्हटले असेल, तर त्यात दोन जादा पगार आधीच आलेले आहेत आणि त्याला पुन्हा चौदाने गुणायचे नाही. जादा पगार बारा महिन्यांत वाटून देण्याला तिथे प्रोर्रातेआदास म्हणतात. हा शब्द दिसला की बारानेच गुणा.

मिहान_एक

मग माझा सरळ सल्ला असा की काकांनी मुलीला बारा पगार मागून घ्यायला सांगावे. दर महिन्याला २,५७३ हाती येतील, भाड्याचाही प्रश्न सुटेल आणि हप्त्याचाही. कंपनीकडे आपले पैसे सहा महिने कशाला ठेवायचे?

हिशेबनीस

ते मागण्यासारखे आहे, परंतु ते केवळ मुलीच्या इच्छेवर नसते. जादा पगार वाटून देता येतील की नाही हे सामूहिक करारावर अवलंबून असते. काही करार तशी मुभा देतात, काही स्पष्ट मनाई करतात. कंपनी मोठी असेल तर तिची एकच पद्धत ठरलेली असते आणि एका व्यक्तीसाठी ती बदलत नाहीत. विचारून पाहायला हरकत नाही.

बारा घ्यावेत की चौदा, यात मला स्वतःला एक मत ठामपणे देता येत नाही. ज्याच्यावर दर महिन्याचा ठरलेला हप्ता आहे त्याला बारा सोयीचे. ज्याच्या हाताला पैसा टिकत नाही त्याला जूनचा पगार म्हणजे आपोआप झालेली बचत. आमच्या कामात मी दोन्ही प्रकारची माणसे पाहिली आहेत, आणि दोघेही आपापल्या जागी समाधानी असतात.

विद्या_धरमपेठ

माझी समजूत चुकली होती हे मान्य करते. परंतु तारखांचा माझा प्रश्न अजूनही आहे, फक्त वेगळ्या रूपात. मुलगी १ सप्टेंबरला लागणार. डिसेंबरमध्ये तिला पूर्ण जादा पगार मिळेल का? चारच महिने तर झालेले असतील.

हिशेबनीस

विद्याताई, हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. पहिल्या वर्षी माणसे सर्वांत अधिक इथेच फसतात.

पूर्ण मिळणार नाही. प्रत्येक महिना काम केले की जादा पगाराचा ५०० युरो ग्रॉस इतका हिस्सा साठतो. मुलगी ३१ डिसेंबरपर्यंत चार महिने काम करेल, तेव्हा तिचे २,००० साठलेले असतील. हे २,००० केव्हा हातात येतात, ते मात्र करारात साठवण सहामाही आहे की वार्षिक यावर ठरते.

सहामाही असेल तर डिसेंबरचा पगार जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांचा असतो. तिचे चार महिने भरले, म्हणून ३,००० चे सहांपैकी चार भाग, म्हणजे २,००० डिसेंबरमध्ये मिळतील. जानेवारी ते जून पूर्ण काम केले की जूनमध्ये पूर्ण ३,००० मिळतील.

वार्षिक असेल तर चित्र बदलते. डिसेंबरचा पगार जानेवारी ते डिसेंबर या बारा महिन्यांवर साठतो, आणि जूनचा पगार आदल्या जुलैपासून जूनपर्यंतच्या बारा महिन्यांवर. तेव्हा डिसेंबरमध्ये बारांपैकी चार भाग, म्हणजे फक्त १,००० मिळतील. जूनमध्ये सप्टेंबरपासूनचे दहा महिने भरलेले असतील, म्हणून २,५००.

सहामाहीत जूनपर्यंत ५,००० मिळाले आणि वार्षिकमध्ये ३,५००. मधले १,५०० बुडाले असे वाटते, परंतु ते पुढच्या डिसेंबरच्या पगारात जानेवारीपासून साठत आलेले असतात. ती ३० जूनला नोकरी सोडून गेली तर शेवटच्या हिशेबात, ज्याला तिथे फिनिकितो म्हणतात, ते १,५०० तिला द्यावेच लागतात. दोन्हीकडे ५,०००च होतात, कारण दहा महिने गुणिले ५००.

मिहान_एक

सोडून जाताना साठलेले पैसे मिळतात, हे आमच्याकडच्या व्हेरिएबल पेच्या अगदी उलट झाले. मी एका कंपनीतून फेब्रुवारीत निघालो तेव्हा वर्षभराचा व्हेरिएबल गेला, कारण मार्चअखेर हजर असण्याची अट होती. माझ्या मनात तेच बसले होते, म्हणून मी पहिल्याच दिवशी तसे लिहिले. काका, माझ्यामुळे गोंधळ झाला असेल तर क्षमस्व. तरीही घरासाठी तीन हजारांच्या बाजूने विचार करा, हे माझे म्हणणे कायम आहे.

शेगाव_ते_सेविया

चिठ्ठी हातात आली की पैसे साठत आहेत की वाटून मिळत आहेत, हे ओळखायची खूण सांगतो. मला ती त्या आचाऱ्यानेच शिकवली होती. पगाराच्या चिठ्ठीला इथे नोमिना म्हणतात. तिच्या वरच्या भागात तुम्हाला काय काय दिले त्याच्या ओळी असतात, आणि अगदी खाली वर्गणीचा पाया मांडलेला एक चौकोन असतो. खालच्या चौकोनात महिन्याचा पगार ३,००० आणि त्याखाली जादा पगारांचा हिस्सा ५०० असे लिहिलेले दिसेल, एकूण ३,५००. हा ५०० चा आकडा फक्त खाली असेल, तर तो अजून तुमच्या हातात आलेला नाही, साठतो आहे. वरच्या ओळींतही “प्रोर्राता” म्हणून ५०० दिसले, तर तो तुम्हाला त्याच महिन्यात मिळाला आणि मग जूनमध्ये वेगळे काही येणार नाही.

माझ्या एका सोबत्याने वरची ओळ कधी वाचलीच नाही आणि जूनच्या भरवशावर भारताचे तिकीट काढले. जूनमध्ये खात्यावर नेहमीचाच पगार. तिकीट उधारीवर फेडले त्याने.

प्रतापनगरकर

मुलीने काल कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला तीन प्रश्न पाठवले होते आणि आज उत्तर आले. चौदाही पगार सारखे ३,००० ग्रॉसचे आहेत. साठवण सहामाही आहे. बारा पगारांची सोय सध्या नाही. त्यांच्या उत्तरात आणखी एक ओळ आहे, ती मला समजली नाही: सप्टेंबर ते डिसेंबर कराची कपात “फारच कमी” राहील आणि जानेवारीपासून २० टक्क्यांच्या आसपास होईल. म्हणजे आधी सांगितलेले २० टक्के चूक होते का?

हिशेबनीस

चूक नव्हते, फक्त ते पूर्ण वर्षाचे होते. तिथे कपातीचा दर ठरवताना कंपनी त्या कॅलेंडर वर्षात त्या नोकरीतून एकूण किती मिळणार ते पाहते. सप्टेंबर ते डिसेंबर चार पगारांचे १२,००० आणि जादा पगाराचे २,०००, असे १४,०००च होतात. एवढ्या रकमेवर दर अगदी खाली येतो. जानेवारीला पुढच्या पूर्ण वर्षाचे ४२,००० समोर येतात आणि दर २० वर जातो.

याचा परिणाम असा की कपात जवळपास शून्य धरली तर शरद ऋतूत तिला महिन्याला २,७७३ च्या आसपास मिळतील, आणि जानेवारीत तेच २,१७३ होतील. एका महिन्यात सहाशेची घट. मी दर वर्षी जानेवारीच्या चिठ्ठ्या निघाल्यावर घाबरलेल्या नवीन लोकांचे मेल वाचतो आणि मला त्यांचे वाईट वाटते, कारण त्यांनी ऑक्टोबरच्या पगारावर घर घेतलेले असते. तिने पहिल्या चार महिन्यांचा पगार हा आपला पगार आहे असे समजूच नये. कंपनीला सांगून पहिल्यापासून अधिक कर कापून घेण्याचीही सोय तिथे आहे, परंतु तशी गरज असेलच असे नाही.

प्रतापनगरकर

एक राहिले. तिने याच वर्षी वसंतात पाच महिने एका ठिकाणी मानधनावर इंटर्नशिप केली होती, महिना ६०० युरो. ते या १४,००० मध्ये मिळवायचे का?

हिशेबनीस

नवी कंपनी फक्त स्वतःच्या पगारावर दर ठरवेल, तिला ते ३,००० ठाऊक नसतील. वर्षाच्या विवरणात मात्र दोन्ही एकत्र येतात, त्यामुळे थोडा कर नंतर भरावा लागू शकतो. नेमका किती, ते इंटर्नशिपचे पैसे कोणत्या स्वरूपात दिले होते यावर आहे, आणि ते कागद पाहिल्याशिवाय नागपुरातून सांगणे योग्य होणार नाही. बार्सिलोनातल्या एखाद्या खेस्तोरला, म्हणजे आपल्याकडच्या कर सल्लागारासारख्या माणसाला, दोन्ही चिठ्ठ्या दाखवाव्यात.

आता घराचे. माझे मत विचाराल तर भाडे २,१७३ वर ठरवावे आणि जून-डिसेंबरचे २,४०० घराच्या अनामतीसाठी, विमानाच्या तिकिटासाठी किंवा कर्जाच्या मुदलासाठी राखून ठेवावेत. वर्षाची तुलना करताना २,५७३ हा खरा आकडा आहे. मार्चमध्ये भाडे भरताना मात्र खात्यात २,१७३च असतात.

अंबाझरी_सकाळ

मला हे थोडे कडक वाटते. चार महिने जवळपास सहाशे युरो अधिक येणार आहेत, म्हणजे चोवीसशेच्या आसपास, आणि डिसेंबरचे जवळपास दोन हजार वेगळे. एवढे बाजूला ठेवले, तर जानेवारी ते जून महिन्याला चारशेची तूट त्यातूनच भरून निघते. जूनमध्ये २,४०० पुन्हा येतात. मग स्वतंत्र घर का घेऊ नये? मुलगी एकटी परदेशात राहते आहे, तिला शांत घर मिळाले तर तेही महत्त्वाचेच आहे.

हिशेबनीस

गणित तुमचे बरोबर आहे. पहिल्याच महिन्यात अनामत भरावी लागते, एवढे फक्त त्यात मिळवा. कायद्याने एक महिन्याचे भाडे अनामत असते आणि मालक त्याशिवाय आणखी दोन महिन्यांपर्यंतची हमी मागू शकतो. म्हणजे १,००० च्या घरासाठी सप्टेंबरमध्येच १,००० ते ३,००० लागतील, आणि तेव्हा काहीच साठलेले नसेल.

प्रतापनगरकर

आज रात्री मुलीशी बोललो. स्वतंत्र घराच्या मालकाने दोन महिन्यांची जादा हमी मागितली आहे, म्हणून तिने मैत्रिणींसोबतच्या ६०० युरोंच्या खोलीला होकार कळवला. हप्ता आणि भाडे जाऊन २,१७३ मधून १,१२३ उरतात. मी परवा २,५७३ मधून स्वतंत्र घराचे भाडे आणि हप्ता वजा करून जो आकडा काढला होता तोच उरला. जूनमध्ये पहिली पूर्ण जादा चिठ्ठी आली की ती पाहून पुन्हा घराचा विचार करणार आहे. मेहुण्यांना वही दाखवली. ते अजून म्हणतात की डिसेंबर येऊ द्या, मग बोलू.